पत्ता बरोबर, कुलूप निराळे!
बिटकॉइनचे जुने आणि नवे पत्ते यांच्यातील फरक, आणि पैसे नेमके कुठे अडकतात याची उकल

बिटकॉइन पाठवताना एखादे अक्षर चुकले तर पैसे कायमचे जातील, अशी धास्ती बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात अक्षर चुकण्याने नुकसान होण्याची शक्यता फारच थोडी असते. पत्त्यातच पडताळ्याची सोय केलेली असल्याने चुकलेला पत्ता संगणक स्वीकारतच नाही. खरा घोटाळा होतो तो निराळ्याच ठिकाणी. पत्त्यातील प्रत्येक अक्षर अचूक असते, व्यवहार नोंदला जातो, त्याला पुष्टीही मिळते. तरीही ज्याच्यासाठी पैसे पाठवले त्याच्या खात्यावर ते दिसत नाहीत. कारण तो पत्ता ज्या प्रकारचा आहे, तो प्रकार समोरच्या एक्स्चेंजला किंवा वॉलेटला ओळखताच येत नाही.

अशा वेळी पैसे नेमके कुठे असतात? ते परत मिळू शकतात का? या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक प्रसंगी वेगळी असतात. ती समजून घेण्यासाठी आधी पत्ता म्हणजे काय हे पाहावे लागेल.

पत्ता नव्हे, कुलपाची खूण

आपण ज्याला पत्ता म्हणतो तो बिटकॉइनच्या नोंदवहीत कोठेही लिहिलेला नसतो. नोंदवहीत असते ती एक अट. ‘अमुक किल्ली सादर करील त्यालाच ही रक्कम पुढे खर्च करता येईल’, अशी ती अट संगणकाच्या भाषेत लिहिलेली असते. तिला स्क्रिप्ट म्हणतात. सोयीसाठी तिला कुलूप म्हणू. पत्ता ही या कुलपाची संक्षिप्त खूण. पैसे पाठवणारे वॉलेट पत्ता वाचते, त्यावरून कोणते कुलूप बसवायचे ते ठरवते आणि रक्कम त्या कुलपात ठेवते. पत्त्याचे काम तेथेच संपते.

म्हणूनच एकाच किल्लीसाठी निरनिराळ्या प्रकारची कुलपे तयार करता येतात आणि त्या प्रत्येकाचा पत्ता वेगळा दिसतो. पुढील तिन्ही पत्ते एकाच किल्लीचे आहेत.

```
1BgGZ9tcN4rm9KBzDn7KprQz87SZ26SAMH
3JvL6Ymt8MVWiCNHC7oWU6nLeHNJKLZGLN
bc1qw508d6qejxtdg4y5r3zarvary0c5xw7kv8f3t4
```

हे पत्ते केवळ उदाहरणासाठी आहेत. त्यांची खासगी किल्ली म्हणजे १ हा आकडा असून ती जगजाहीर आहे. या पत्त्यांवर पाठवलेली रक्कम कोणीही उचलू शकतो, तेव्हा तेथे पैसे पाठवून पाहण्याचा मोह वाचकांनी टाळावा.

चार पिढ्या, चार तोंडवळे

पहिला पत्ता 1 या अंकाने सुरू होतो. बिटकॉइनच्या आरंभकाळापासून चालत आलेला हा प्रकार वॉलेटच्या पडद्यावर `Legacy` या नावाने दिसतो. त्याच्या कुलपात सार्वजनिक किल्लीचा वीस बाइटांचा हॅश, म्हणजे ठसा, असतो.

दुसरा 3 ने सुरू होतो. एप्रिल २०१२ पासून हा प्रकार नेटवर्कवर लागू झाला. येथे ठसा किल्लीचा नसून एका वेगळ्या स्क्रिप्टचा असतो. ती स्क्रिप्ट काय आहे हे पत्त्यावरून कळत नाही. पैसे खर्च करताना मालकाला ती उघड करावी लागते. तीन भागीदारांपैकी दोघांच्या सह्या हव्यात, अशी अट आत असू शकते किंवा पुढच्या पिढीचे कुलूपही आत दडलेले असू शकते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

तिसरा प्रकार bc1q या अक्षरांनी सुरू होतो. ऑगस्ट २०१७ मध्ये बिटकॉइनवर सेगविट ही सुधारणा लागू झाली आणि सह्यांचा भाग व्यवहाराच्या मुख्य मजकुरापासून वेगळा काढण्यात आला. त्यामुळे व्यवहाराचे शुल्क कमी झाले. पत्ता लिहिण्याची रीतही बदलली. जुन्या पत्त्यात लहान आणि मोठ्या अक्षरांत फरक केला जात असे. नव्या पत्त्यात सर्व अक्षरे एकाच वळणाची असतात. पडद्यावर या प्रकाराला `Native SegWit` किंवा `Bech32` असे म्हटलेले असते.

चौथा bc1p ने सुरू होतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये लागू झालेल्या टॅपरूट या सुधारणेचा हा पत्ता बासष्ट अक्षरांचा असतो. तो वरवर पाहता bc1q चाच भाऊबंद वाटतो. पण त्याची पडताळा अक्षरे काढण्याची रीत मुद्दाम वेगळी ठेवण्यात आली आहे. पूर्वीच्या रीतीत एक उणीव आढळली होती. पत्त्याचे शेवटचे अक्षर p असेल, तर त्याच्या लगेच आधी q हे अक्षर कितीही वेळा वाढवले किंवा गाळले तरी पडताळा जुळत असे. ती उणीव दूर करणारी सुधारित रीत २०२० च्या डिसेंबरमध्ये मांडली गेली. परिणामी केवळ जुनी रीत जाणणारे वॉलेट bc1p पत्ता पाहताच तो चुकीचा ठरवते. हा अडथळा वापरणाऱ्याला त्रासदायक वाटतो, परंतु तो त्याच्या हिताचाच आहे. अर्धवट समजलेल्या पत्त्यावर पैसे पाठवण्यापेक्षा ते न पाठवणे केव्हाही बरे.

नकार मिळाला तर पैसे सुरक्षित

आता अडचणीच्या प्रसंगांकडे वळू. सर्वाधिक आढळणारा प्रसंग सर्वांत निरुपद्रवी आहे. समजा, तुमची रक्कम एका जुन्या एक्स्चेंजवर आहे आणि ती तुम्हाला आपल्या टॅपरूट वॉलेटमध्ये आणायची आहे. तुम्ही bc1p पत्ता टाकता आणि ‘पत्ता अवैध आहे’ असा संदेश येतो. येथे व्यवहार तयारच झालेला नाही. तुमची रक्कम होती तेथेच आहे. पत्त्यातही काही खोट नाही. पाठवणाऱ्याची प्रणाली मागे राहिली आहे, इतकेच.

यावर दोन सरळ उपाय आहेत. पहिला म्हणजे पैसे स्वीकारणाऱ्याकडून जुन्या प्रकारचा पत्ता मागून घेणे. अनेक वॉलेटमध्ये पत्त्याचा प्रकार निवडण्याची सोय असते. दुसरा म्हणजे मधला टप्पा घेणे. 3 ने सुरू होणारे पत्ते देणारे आणि bc1p वर पाठवू शकणारे असे स्वतःचे वॉलेट घ्यावे. एक्स्चेंजवरून आधी त्यात आणि तेथून इच्छित पत्त्यावर रक्कम पाठवावी. याला एक जादा शुल्क पडते. एकच आवक आणि एकच जावक असलेल्या अशा व्यवहाराचा आकार सुमारे १४५ व्हर्च्युअल बाइट भरतो. नेटवर्कचा दर बाइटामागे १० सातोशी असेल, तर १,४५० सातोशी खर्च येईल. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात, हे ध्यानात घेतले तर ही रक्कम किती अल्प आहे ते कळेल. दर चढा असेल तेव्हा मात्र तो उतरेपर्यंत थांबावे.

नुकसान होते ते या सरळ वाटा सोडून तिसरी वाट धरणाऱ्यांचे. ‘पत्त्याचे रूपांतर’ करणारी साधने इंटरनेटवर सहज मिळतात. bc1q पत्ता बेचाळीस अक्षरांचा असेल, तर त्यातील वीस बाइटांचा ठसा आणि त्याच किल्लीच्या 1 ने सुरू होणाऱ्या पत्त्यातील ठसा एकच असतो. त्यामुळे एकाचे दुसऱ्यात रूपांतर करणे गणिताच्या दृष्टीने शक्य आहे. वॉलेट तुमचे स्वतःचे असेल, तर किल्ली तुमच्याच हाती असल्याने अशा रीतीने पाठवलेली रक्कम पुढे काढताही येते. पण पत्ता एक्स्चेंजने दिलेला असेल तर? एक्स्चेंजची यंत्रणा आपण ग्राहकांना दिलेल्या पत्त्यांवरच पाळत ठेवते. तुम्ही परस्पर तयार केलेला जुळा पत्ता तिच्या यादीत नसतो. रक्कम त्यांच्याच किल्लीच्या कुलपात जाऊन पडते, परंतु त्यांना त्याचा पत्ता लागत नाही आणि तुमच्या खात्यावर काहीच जमा होत नाही.

3 ने सुरू होणाऱ्या पत्त्याबाबत असा प्रयोग तर थेट विनाशक ठरतो. त्यातील ठसा स्क्रिप्टचा असतो. तोच उचलून 1 च्या वळणाचा पत्ता तयार केला, तर नेटवर्क त्या ठशाला किल्लीचा ठसा समजेल. त्या ठशाशी जुळणारी किल्ली कोणाकडेही नाही आणि ती शोधून काढणेही शक्य नाही. तो पत्ता दिसायला निर्दोष असेल, पडताळाही जुळेल. मात्र त्यात गेलेले पैसे कधीच बाहेर येणार नाहीत.

रिकामे दिसणारे वॉलेट

दुसरा प्रसंग स्वतःच्या वॉलेटचा आहे. जुना फोन बिघडतो. वापरणारा नव्या फोनवर दुसऱ्या कंपनीचे वॉलेट घेतो, जपून ठेवलेले बारा किंवा चोवीस शब्द त्यात भरतो आणि शिल्लक शून्य दिसते. शब्द बरोबर असतात, रक्कमही नोंदवहीत जागच्या जागी असते. मग असे का व्हावे?

त्या शब्दांपासून असंख्य किल्ल्या तयार होऊ शकतात. कोणत्या प्रकारच्या पत्त्यासाठी कोणत्या वाटेने किल्ली काढायची, याचे संकेत ठरलेले आहेत.

```
m/44'/0'/0'    1...
m/49'/0'/0'    3...
m/84'/0'/0'    bc1q...
m/86'/0'/0'    bc1p...
```

नवे वॉलेट फक्त ८४ क्रमांकाच्या वाटेवर शोध घेत असेल आणि तुमचे पैसे ४९ क्रमांकाच्या वाटेवरील पत्त्यांवर असतील, तर ते त्याला दिसणार नाहीत. अशा वेळी वॉलेटच्या मांडणीत पत्त्याचा प्रकार किंवा ‘डेरिव्हेशन पाथ’ बदलण्याची सोय आहे का, ते पाहावे. जुन्या व्यवहाराची नोंद हाताशी असेल, तर आपले पत्ते कोणत्या अक्षरांनी सुरू होत होते हे तीवरून लगेच कळते. तशी सोय नसेल, तर हे सर्व प्रकार ओळखणारे दुसरे वॉलेट वापरावे. येथे एक पैसाही हरवलेला नसतो, पण घाबरून शब्द भलत्याच संकेतस्थळावर टाकणारा मात्र सर्वस्व गमावून बसतो. हे शब्द मागणारा कोणीही, मग तो कितीही आपुलकीने बोलो, मदतनीस नसतो.

बिटकॉइन कॅशचा धडा

वरील दोन्ही प्रसंगांत नेटवर्क एकच होते. दोन नेटवर्कांचे पत्ते सारखे दिसत असतील तर काय होते, याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण बिटकॉइन कॅशचे आहे. १ ऑगस्ट २०१७ रोजी बिटकॉइनच्या नोंदवहीला फाटा फुटला आणि बिटकॉइन कॅश हे वेगळे चलन अस्तित्वात आले. त्याने सेगविट स्वीकारले नाही. पत्ते मात्र जुन्याच वळणाचे, 1 आणि 3 ने सुरू होणारे, राहिले. त्यानंतर तीन आठवड्यांनी मूळ बिटकॉइनवर सेगविट लागू झाले आणि अनेक वॉलेट आपल्या ग्राहकांना 3 ने सुरू होणारे पत्ते देऊ लागली. त्या पत्त्यांच्या आत सेगविटचे कुलूप होते.

आता अशा एका ग्राहकाची कल्पना करा. त्याने एक्स्चेंजवरील आपले बिटकॉइन कॅश काढून घेताना आपल्या बिटकॉइन वॉलेटमधील 3 ने सुरू होणारा पत्ता दिला. एक्स्चेंजने तो तपासला. 3 हे बिटकॉइन कॅशवरही वैध असल्याने तो स्वीकारला गेला. आत सेगविट आहे की साधी दोन सह्यांची अट आहे, हे एक्स्चेंजला कळण्याचा मार्गच नव्हता, कारण त्याच्यासमोर केवळ ठसा होता. पत्ता bc1q असता, तर तो तत्काळ नाकारला गेला असता आणि ग्राहक बचावला असता. जुन्या रूपाशी असलेले साम्यच येथे घातक ठरले.

रक्कम पोहोचल्यावर काय झाले? वर दिलेल्या उदाहरणातील 3 च्या पत्त्यामागची दडलेली स्क्रिप्ट अशी आहे.

```
0014751e76e8199196d454941c45d1b3a323f1433bd6
```

आरंभीचे 00 म्हणजे सेगविटची आवृत्ती शून्य. 14 म्हणजे पुढे वीस बाइट आहेत आणि उरलेला भाग म्हणजे किल्लीचा ठसा. बिटकॉइनवर ही ओळ वाचताच नेटवर्क सेगविटचा नियम लावते आणि त्या किल्लीची सही मागते. बिटकॉइन कॅशला तो नियम ठाऊक नाही. त्याच्या लेखी ही केवळ दोन माहित्या ठेवणारी ओळ आहे: एक रिकामी, दुसरी वीस बाइटांची. सही तपासा, असे ती कोठेही सांगत नाही. वरची माहिती शून्य नाही, म्हणजे अट पूर्ण झाली, एवढाच निष्कर्ष ते नेटवर्क काढते.

याचा अर्थ भयावह होता. ही स्क्रिप्ट ज्याला ठाऊक असेल, तो कोणीही सहीशिवाय ते पैसे उचलू शकत होता. आणि मालकाने त्याच पत्त्यावरून बिटकॉइनवर एकदा जरी खर्च केला, तरी ती स्क्रिप्ट सार्वजनिक नोंदवहीत उघड होत असे. बिटकॉइन कॅशचे सामान्य नोड असे व्यवहार पुढे पाठवत नसत, कारण अट पूर्ण झाल्यावर एकच माहिती उरावी असा त्यांचा संकेत होता आणि येथे दोन उरत. पण नवे ब्लॉक तयार करणाऱ्या मायनरला हा संकेत बंधनकारक नव्हता. त्यामुळे मालकाला आपले पैसे सोडवण्यासाठी मायनरची मनधरणी करावी लागे आणि तोच मायनर मनात आणले तर ते स्वतःकडे वळवू शकत असे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये बिटकॉइन कॅशने वरील संकेताचे रूपांतर सक्तीच्या नियमात केले. आता मायनरलाही तसा व्यवहार ब्लॉकमध्ये घेता येईना आणि अडकलेली सर्व रक्कम गोठून गेली. सहा महिन्यांनी, १५ मे २०१९ च्या सुधारणेत, केवळ याच प्रकारच्या स्क्रिप्टला त्या नियमातून सूट देण्यात आली. ती लागू होताच एका अज्ञात मायनरने अशा पत्त्यांवरील रक्कम उचलण्याचा प्रयत्न केला. तेव्हा दोन मोठ्या मायनिंग गटांनी आधीचे दोन ब्लॉक बाद करून आपले ब्लॉक पुढे रेटले. त्या व्यवहारांची किंमत तीन हजारांहून अधिक बिटकॉइन कॅश होती, असा अंदाज बिटमेक्स रिसर्च या अभ्यासगटाने त्या वेळी मांडला होता. पैसे योग्य मालकांकडे जावेत हा हेतू चांगला असला, तरी नोंदवहीतील झालेली नोंद दोन गट मिळून पुसू शकतात, हे त्यातून उघड झाले आणि त्यावर मोठा वाद झडला.

आजही ही सूट कायम राहिली आहे, असे गृहीत धरून कोणी निश्चिंत होऊ नये. नियमाने परवानगी दिली, तरी असा व्यवहार सहीविना चालणारा असल्याने तो उघड्यावर आला की दुसरा कोणी त्यातील पत्ता बदलून पैसे आपल्याकडे वळवू शकतो. तेव्हा सोडवणूक करायची तर ती विश्वासू मायनरच्या हस्ते थेट ब्लॉकमध्येच करावी लागते. सर्वसामान्य ग्राहकाला हे साधणे कठीण आहे.

या अनुभवातून चलनांनी पत्त्यांचे तोंडवळे वेगळे केले. बिटकॉइन कॅशने जानेवारी २०१८ मध्ये `bitcoincash:` या शब्दाने सुरू होणारी नवी रीत आणली. तिच्यात किल्लीच्या ठशाचा पत्ता q ने आणि स्क्रिप्टचा p ने सुरू होतो. लाइटकॉइनचे 3 ने सुरू होणारे पत्तेही बिटकॉइनच्या पत्त्यांसारखेच दिसत; त्यांना M चे नवे रूप देण्यात आले. जुनी रूपे मात्र अनेक ठिकाणी अजूनही स्वीकारली जातात, त्यामुळे गोंधळाची शक्यता पुरती संपलेली नाही.

पैसे कुठे आहेत, हे कसे ओळखाल?

रक्कम पाठवली आणि ती जमा झाली नाही, तर पहिला प्रश्न विचारावा तो व्यवहार क्रमांकाचा. पाठवणाऱ्या एक्स्चेंजच्या इतिहासात `TXID` या नावाने चौसष्ट अक्षरी क्रमांक दिसतो. तो नसेल, तर पैसे अद्याप निघालेलेच नाहीत. तक्रार पाठवणाऱ्याकडे करावी.

क्रमांक असेल, तर तो त्या चलनाच्या ब्लॉक एक्सप्लोररमध्ये टाकून पाहावा. ‘त्या चलनाच्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. बिटकॉइन कॅशचा व्यवहार बिटकॉइनच्या नोंदवहीत शोधला, तर तो सापडणार नाही आणि तो झालाच नाही असा चुकीचा समज होईल. व्यवहार सापडला की त्यातील जावक पत्ता पाहावा. तो समोरच्याने दिलेल्या पत्त्याशी अक्षरशः जुळत असेल आणि पुरेशा पुष्ट्या मिळाल्या असतील, तर प्रश्न स्वीकारणाऱ्याच्या नोंदीचा आहे. त्याला व्यवहार क्रमांक कळवावा. पत्ता वेगळा दिसत असेल, तर तो एकाच पत्त्याचे दुसरे रूप आहे की खरोखरच निराळे कुलूप आहे, हे आधी ठरवावे. बिटकॉइन कॅशचे एक्सप्लोरर 3 चा पत्ता `bitcoincash:p` अशा रूपात दाखवतात. तो बदल केवळ लेखनाचा असतो.

त्यानंतरचा प्रश्न किल्लीचा. रक्कम ज्या कुलपात आहे त्याची किल्ली कोणाकडे आहे? 1 ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर चुकून बिटकॉइन कॅश गेले आणि ते वॉलेट तुमचे स्वतःचे असेल, तर काळजीचे कारण नाही. दोन्ही चलनांत ती किल्ली तेच कुलूप उघडते. आधी त्या वॉलेटमधील बिटकॉइन नव्या शब्दांच्या वॉलेटमध्ये हलवावेत आणि मगच जुने शब्द बिटकॉइन कॅश ओळखणाऱ्या खात्रीच्या वॉलेटमध्ये भरावेत. पत्ता एक्स्चेंजचा असेल, तर किल्ली त्यांच्या तिजोरीत असते. रक्कम काढणे त्यांना शक्य असते. पण त्यासाठी सुरक्षित ठेवलेली किल्ली बाहेर काढून हाताने व्यवहार करावा लागत असल्याने काही एक्स्चेंज शुल्क घेतात, काही ठरावीक रकमेखाली लक्षच घालत नाहीत आणि काहींनी आपल्या अटींतच नकार लिहून ठेवलेला असतो. तिसऱ्या प्रकारात, म्हणजे जुळणारी किल्ली अस्तित्वातच नसेल तेव्हा, कोणाच्याही हाती काही उरत नाही.

पाठवण्यापूर्वी

या साऱ्याचे सार एका वाक्यात सांगायचे, तर पडताळा अक्षरे पत्त्याच्या शुद्धलेखनाची हमी देतात, त्याच्या योग्यतेची नाही. पत्ता ज्या चलनासाठी दिला आहे, त्याच चलनाच्या जमा करण्याच्या पानावरून तो घ्यावा. दुसऱ्या चलनाचा पत्ता ‘सारखाच दिसतो’ म्हणून वापरू नये. दिलेल्या पत्त्याचे रूप स्वतः बदलू नये. पाठवणाऱ्याने तो नाकारला, तर दुसरा पत्ता मागावा. नव्या ठिकाणी मोठी रक्कम पाठवताना आधी अल्प रक्कम पाठवून ती समोर जमा झाल्याचे पाहावे. ही किमान जमा रकमेपेक्षा कमी असू नये, नाहीतर ती नोंदलीच जाणार नाही आणि चाचणीचा निष्कर्ष फसवा निघेल. स्वतःच्याच वॉलेटमध्ये पाठवत असाल, तर ती छोटी रक्कम तेथून पुन्हा बाहेर पाठवून पाहावी. कुलूप बसले आहे एवढे पुरेसे नाही; आपल्या किल्लीने ते उघडते, हे एकदा पाहिलेले बरे.